पाळी सगळ्यात शेवटी येते

"डॉक्टर, हिच्या छातीत गाठ आलीये. एकाच बाजूला." आईने खुर्चीवर बसता बसताच सांगून टाकलं. रात्रभर मनात घोळवलेलं वाक्य असावं, कारण ते सांगताना त्या अडखळल्या नाहीत. अडखळल्या त्या पुढे, "कधीपासून?" असं मी विचारल्यावर. ते त्यांना माहीत नव्हतं. मुलीला माहीत होतं, पण ती बोलत नव्हती. अकरा वर्षांची, वयाच्या मानाने उंच, मनगटं बाहीबाहेर आलेली. हातातली फाइल तिने छातीशी घट्ट धरली होती आणि दोन्ही खांदे पुढे ओढून घेतले होते. गेले कितीतरी आठवडे ती अशीच बसत-उठत असणार. खेळताना कुणाचं तरी कोपर लागलं, ती कळवळली, म्हणून घरी कळलं. नाहीतर हे सगळं तिने आणखी काही महिने एकटीनेच सांभाळलं असतं.

आईसमोर, तिला विचारून तपासलं. स्तनाग्राच्या बरोबर खाली शर्टाच्या बटणाएवढं काहीतरी टणक, दाबलं की दुखणारं. त्वचा लाल नाही, गरम नाही, स्राव नाही. या वयात अशी "गाठ" म्हणजे स्तनाच्या वाढीची सुरुवात असते, आणि ती एका बाजूला आधी होणं अगदी नेहमीचं आहे. दुसरी बाजू काही आठवड्यांनी जागी होते, कधी कधी सहा महिनेही जातात. दुखतं ते आतली ऊती वाढत असते म्हणून. एक गोष्ट मात्र मी प्रत्येक आईला ठासून सांगते: ही गाठ काढायची नसते, तिच्यात सुईही खुपसायची नसते. पुढचा सगळा स्तन त्या एवढ्याशा ऊतीतूनच तयार होणार असतो. तिला इजा झाली तर त्या बाजूला तो नीट वाढतच नाही.

मी मुलीकडे वळून म्हटलं, "ही आजाराची गाठ नाही. तुझे स्तन वाढायला लागलेत. डावा आधी निघालाय, उजवा मागून येईल. थोडे दिवस दुखेल, धक्का लागला तर जास्त." तिने पहिल्यांदाच माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "म्हणजे मला कॅन्सर नाहीये?" आईचा हात तोंडाशी गेला. मी "नाही" म्हटलं. तेवढंच. फाइल छातीवरून मांडीवर आली.

मग सिस्टरने तिला उंची-वजनासाठी नेलं, आणि दार लोटलं गेल्यावर आई खुर्ची पुढे ओढून हळू आवाजात म्हणाल्या, "आता हिला सगळं सांगायला हवं ना? मी ठरवलं होतं, पाळी आली की सांगू. मला खोटं नाही सांगायचं हो तिला. पण ती अजून लहान आहे. अकरा वर्षांच्या मुलीला कुठल्या शब्दांत सांगतात हे?"

हा प्रश्न मला नवा नाही, तरी त्या रात्री तो डोक्यातून जाईना. त्यातल्या शब्दांपेक्षा त्यांचं ते आधीचं वाक्य जास्त टोचत राहिलं.

पाळी आली की सांगू.

बहुतेक घरांतला बेत हाच असतो, आणि तो चुकीच्या टोकाला बांधलेला असतो. पाळी ही वयात येण्याची सुरुवात नाही. ती जवळजवळ शेवट आहे. मुलींमध्ये हे सगळं 8 ते 13 वर्षं या वयात केव्हाही सुरू होतं आणि बहुतेकींमध्ये पहिली खूण असते ती ही बटणाएवढी गाठ. मागोमाग जांघेत, मग काखेत केस येतात. काही जणींना केस आधी येतात, तेही ठीक. घामाला वेगळा वास यायला लागतो. कपाळावर, नाकाच्या कडेला पुटकुळ्या. उंची एकदम झपाट्याने वाढते, भरात असताना वर्षाला आठेक सेंटिमीटर. चड्डीवर पांढरट ओल दिसायला लागते. आणि हे सगळं होऊन, पहिल्या गाठीनंतर साधारण दोन-अडीच वर्षांनी पाळी येते. तोवर उंचीचा मोठा टप्पा उरकलेला असतो. पाळी आल्यावर बहुतेक मुली फार तर पाच-सात सेंटिमीटर वाढतात. म्हणजे पाळीची वाट पाहणारी आई बोलायला बसते तेव्हा तिची मुलगी दोन वर्षं या बदलांत एकटीच राहिलेली असते. आणि एकटं राहिलेलं मूल गप्प बसत नाही, ते स्वतःशी कारणं जुळवतं. गाठ म्हणजे कॅन्सर. वास म्हणजे मी अस्वच्छ. ओल म्हणजे मला लघवी आवरत नाही.

हे शेवटचं मी कल्पनेने लिहिलेलं नाही. काही वर्षांपूर्वी एक मुलगी माझ्याकडे यायची. तिच्या आईची तक्रार अशी की ही रात्री उशिरा न्हाणीघरात नळ सोडून बसते. पोरगी रोज स्वतःची चड्डी धुवायची, घट्ट पिळायची आणि ओलीच कपाटात कपड्यांच्या मागे दडपायची. कपाटाला कुबट वास सुटला तेव्हा आईने शोधलं. तिला वाटत होतं, आपल्याला अंथरुण ओलं करण्याचा रोग लागलाय. झालं होतं एवढंच, की पाळी येण्याआधी सहा महिने ते वर्षभर योनीतून जो पांढरट, किंचित चिकट स्राव यायला लागतो तो सुरू झाला होता. वाळल्यावर कापडावर तो फिकट पिवळा दिसतो आणि कापड जरा कडक होतं. खाज नाही, घाण वास नाही, जळजळ नाही, म्हणजे संसर्गही नाही. खाज सुटली, हिरवट झालं, वास मारायला लागला, लघवीला दुखलं तर दाखवायचं. नाहीतर तो येणारच असतो. त्या मुलीला कुणीतरी आधी दोन वाक्यं सांगितली असती तर ती रात्री झोपली असती.

म्हणून मी त्या आईला सवडीने पुन्हा बोलावलं, मुलीशिवाय. त्या येताना वहीचं पान घेऊन आल्या होत्या. काय सांगायचं ते त्यांनी लिहून काढलं होतं, खोडून पुन्हा लिहिलं होतं. सुरुवात अशी होती: "बाळा, आता तू मोठी होणार आहेस. दर महिन्याला शरीरातलं अशुद्ध रक्त बाहेर पडेल. घाबरायचं नाही. पण आता मुलांपासून जपून राहायचं." किती प्रेमाने लिहिलं होतं ते अक्षरांवरून दिसत होतं. आणि त्यातली तीन वाक्यं मुलीच्या मनात तीन काटे रुतवणारी होती.

आधी ते अशुद्ध रक्त. पाळीचं रक्त अशुद्ध नसतं, शरीर त्यातून काही साफ करत नसतं. गर्भाशयाच्या आत दर महिन्याला एक मऊ अस्तर तयार होतं, रक्तवाहिन्यांनी भरलेलं. बाळ राहिलं तर ते त्यात रुजावं म्हणून. बाळ राहिलं नाही की ते अस्तर सुटतं आणि थोड्या रक्ताबरोबर बाहेर येतं. हे अकरा वर्षांच्या मुलीला जसंच्या तसं कळतं. "घाण बाहेर पडते" हे तिला अजून सोपं करून सांगितलेलं नसतं, ते वेगळंच काहीतरी असतं, आणि त्यावरून ती पहिला निष्कर्ष काढते की माझ्या आत घाण आहे. मग "घाबरायचं नाही." का घाबरायचं नाही ते सांगितल्याशिवाय हे वाक्य फक्त एवढंच कळवतं की घाबरण्यासारखं काहीतरी आहे. आणि तिसरं, मुलांपासून जपून. त्या वाक्यावर मी खूप वेळ थांबले, कारण आईची काळजी खरी होती. पण पाळी आणि मुलगे ही दोन टोकं मधलं काहीही न सांगता जोडली, तर मुलीला वाटतं वर्गातल्या मुलाने वही मागितली तरी काहीतरी होईल. असं समजून महिनोन् महिने हादरलेल्या मुली मी पाहिल्या आहेत.

मला स्वतःला माझ्या आईने सांगितलं होतं. न सांगितलेल्यांपैकी ती नव्हती. तिने घडी केलेलं मऊ, जुनं कापड हातात दिलं, कसं बांधायचं ते दाखवलं, "सगळ्यांना होतं, दर महिन्याला" म्हणाली आणि डोक्यावरून हात फिरवला. त्या हाताची ऊब मला अजून आठवते. पण किती दिवस, ते ती बोलली नाही. मला वाटलं एक दिवस. दुसऱ्या रात्री ते चालूच होतं, तिसऱ्याही. मी अंधारात डोळे उघडे ठेवून पडले होते आणि माणसाच्या अंगात एकूण किती रक्त असतं, ते कधी संपतं, याचा हिशोब मांडत होते. शेजारी आई शांत झोपली होती. तिला उठवावंसं वाटलं आणि वाटलंही नाही, कारण तिने तर सांगून झालं होतं, आता पुन्हा काय विचारायचं? माझ्या आईबद्दल मला तेव्हाही राग नव्हता, आता तर नाहीच. तिला तिच्या आईने याहून कमीच सांगितलं असणार. पण मुलींना काय हवं असतं ते मला त्या रात्रीपासून नेमकं माहीत आहे. त्यांना किती, किती वेळ, दुखेल का, आणि कुणाला दिसेल का, ही चार उत्तरं हवी असतात. बाकीचं नंतर चालतं.

"किती" हे तोंडी सांगून पटत नाही. आकडा सांगितला तरी लाल डाग डोळ्यांना नेहमीच मोठा दिसतो. म्हणून मी त्या आईला टेबलावर करून दाखवलं. औषधाच्या बाटलीवर असतं तसं मापाचं झाकण घेतलं, 5 मिलिलिटरचं. पाणी भरून ते एका वाटीत ओतलं, असं सात-आठ वेळा. सबंध पाळीत, सगळ्या दिवसांचं मिळून, जाणारं रक्त साधारण एवढं असतं: 30 ते 40 मिलिलिटर. वाटीचा तळ झाकला जातो, आणखी थोडं. मग त्यातलं एक झाकण पॅडवर ओतलं. डाग चांगला हातभर पसरल्यासारखा वाटला, आणि आई स्वतःच चकित होऊन म्हणाल्या, "एवढंसंच?" त्यांना वीस वर्षं पाळी येत होती. मुलीबरोबर हेच करा, मी म्हटलं. तिला स्वतः ओतू द्या. पॅड उघडून कसं लावायचं, चिकटपट्टी कुठल्या बाजूला, पंख असतील तर ते चड्डीच्या खालून कसे दुमडायचे, वापरलेलं गुंडाळून कुठे टाकायचं, हे हातांनी करून पाहिलेलं असलं की शाळेच्या स्वच्छतागृहात एकटी असताना ते हातांनाच आठवतं.

मग शरीराची नावं. याबाबतीत मी जरा हट्टी आहे. खूप मुलींना, आणि बऱ्याच आयांनाही, खाली तीन वेगळी छिद्रं असतात हे नीट माहीत नसतं. पुढे लघवीचं अगदी बारीक, त्याच्या मागे योनीचं, आणि सगळ्यात मागे शौचाचं. पाळीचं रक्त मधल्यातून येतं, लघवीच्या जागेतून येत नाही. हे न कळलेली मुलगी लघवीला जायला घाबरते, किंवा लघवी रोखून धरली तर पाळीही रोखता येईल असं समजते. मी कागदावर साधी आकृती काढते: गर्भाशय, तिच्या मिटलेल्या मुठीपेक्षाही लहान; दोन्ही बाजूंना दोन नळ्या; टोकांना दोन अंडाशय; खाली योनिमार्ग. गर्भाशय, योनी, स्तन हे शब्द आईने निर्विकारपणे, कोपर किंवा गुडघा म्हणावं तसे म्हणायचे. तोंड अडखळत असेल तर आधी एकटीने दोनदा मोठ्याने म्हणून बघायचे. त्या आईने माझ्यासमोर म्हणून पाहिले. पहिल्यांदा आवाज खाली गेला, मग वर आला. या नावांचा आणखी एक उपयोग असतो, आणि तो मी लपवत नाही: कुणी नको तिथे हात लावला तर मुलीकडे ते सांगायला शब्द लागतात. "तिकडे" या शब्दाने काही सांगता येत नाही.

आम्ही दोघींनी मिळून ते पान पुन्हा लिहिलं. लिहिताना क्रम शरीराचाच ठेवला. आधी जे झालंय ते: "तुझे स्तन वाढायला लागलेत. डोक्यात एक छोटी ग्रंथी आहे, तिने अंडाशयांना निरोप दिलाय की आता कामाला लागा. अंडाशयांतून एक रस रक्तात उतरतो, त्याने हे होतं." मग जे लवकरच दिसेल ते: केस, घाम, चड्डीवरची पांढरी ओल. मग उंची, आणि तिच्याबरोबर मन: विनाकारण रडू येणं, दार आपटावंसं वाटणं, कधी आई नकोशी होणं आणि रात्री तिच्याच कुशीत शिरावंसं वाटणं. आणि शेवटी: "अजून दीड-दोन वर्षांनी, थोडं आधी किंवा नंतर, तुला पाळी येईल. पहिल्यांदा लालभडक नसेलही, तपकिरी डाग असेल. दोन ते सात दिवस राहील आणि आपोआप थांबेल. ओटीपोटात कळ येऊ शकते, कारण अस्तर बाहेर काढायला गर्भाशय आवळतं. गरम पाण्याच्या पिशवीने बरं वाटतं, नाही वाटलं तर औषध आहे. कपड्यांवरून कुणाला काही दिसत नाही. डाग पडलाच तर तो धुता येतो." पान अर्धंच भरलं. त्यांना ते कमी वाटलं. मला वाटलं, दोन-तीन वेळा थोडं थोडं सांगायला एवढं भरपूर आहे. एकदाच समोर बसवून सगळं ओतलं की मुलगी फक्त आईचा चेहरा लक्षात ठेवते.

"आणि तिने बाळाचं विचारलं तर?" हे त्यांनी उठता उठता विचारलं. खरं तर त्या याच प्रश्नाला घाबरून होत्या. आणि मुलगी ते विचारणारच, कारण अस्तराच्या गोष्टीत बाळ आलेलंच आहे. माझा नियम साधा आहे. जेवढं विचारलं तेवढ्याचं खरं उत्तर द्यायचं आणि थांबायचं. पुढचं हवं असेल तर ती पुढचा प्रश्न विचारते. "बाळ कसं होतं?" याला उत्तर: बाईच्या अंडाशयातलं स्त्रीबीज आणि पुरुषाच्या शरीरातला शुक्राणू एकत्र आले की. कित्येक मुली इथेच समाधानी होतात आणि उठून खेळायला जातात. एखादी थांबते आणि विचारते, "पण ते एकत्र येतात कसे?" तेव्हा "मोठी झालीस की कळेल" हे उत्तर तिला आईकडून दुसरीकडे पाठवतं, मैत्रिणीकडे किंवा फोनकडे, आणि तिथे जे मिळतं ते अकरा वर्षांच्या डोळ्यांसाठी नसतं. म्हणून सांगायचं: दोन मोठी माणसं, दोघांचीही इच्छा असताना, शरीराने जवळ येतात. पुरुषाच्या लिंगातून शुक्राणू बाईच्या योनिमार्गात जातात आणि तिथून पुढे स्त्रीबीजापर्यंत. हे फक्त मोठ्यांचं आहे. लहान मुलांशी कुणीही, अगदी ओळखीच्याने, घरातल्यानेसुद्धा, असं काही करायचं नसतं; केलं तर चूक त्याची असते आणि तू मला लगेच सांगायचं, मी तुझ्यावर रागावणार नाही. ही चार-पाच वाक्यं आहेत. "मुलांपासून जपून" या एका वाक्याला जे सांगायचं होतं ते सगळं यांत येतं, आणि वही मागणारा मुलगा मोकळा राहतो.

काही आठवड्यांनी आईचा फोन आला. पहिला दिवस फारसा बरा गेला नव्हता. मुलीने अर्ध्यातच "मला माहितीये" म्हणून उशी तोंडावर घेतली होती. पण आई उठून गेल्या नाहीत, उशीशीच बोलत राहिल्या आणि स्तनांचं, ओलीचं सांगून थांबल्या. दोन दिवसांनी कपड्यांच्या घड्या घालताना, एकमेकींकडे बघावं लागत नसताना, उशीतली मुलगी आपणहून बोलली: "पांढरं येतं ना, ते मला येतंय." पाणी ओतायचा प्रयोग तिला फार आवडला होता, तिने रंगपेटीतला लाल रंग त्यात मिसळला होता. तिचा सगळ्यात अवघड प्रश्न बाळाचा नव्हताच. तो होता, "माझ्या मैत्रिणीला आली. मला अजून नाही आली. आणि एकीला तर अजून काहीच नाही. कोण बरोबर?" तिघीही बरोबर, असं मी आईला सांगायला सांगितलं, आणि कुठे थांबून दाखवायचं तेही. 8 वर्षांच्या आत स्तनांची वाढ सुरू झाली, किंवा 13 पूर्ण होऊनही सुरू झाली नाही, तर दाखवायचं. पाळी 15 पर्यंत आली नाही, किंवा स्तन वाढायला लागून तीन वर्षं झाली तरी आली नाही, तर दाखवायचं. मधल्या सगळ्या जागेत घाई करण्यासारखं काही नसतं.

पाळी आल्यावरचंही त्यांना आधीच सांगून ठेवलं, कारण तेव्हा आया पुन्हा घाबरतात. पहिली दोन-तीन वर्षं ती महिन्याच्या महिन्याला येईलच असं नाही. अंडाशयांतून दर वेळी बीज सुटायला अजून सुरुवात झालेली नसते, म्हणून कधी तीन आठवड्यांनी, कधी सहा आठवड्यांनी. दोन पाळ्यांत 21 ते 45 दिवसांचं अंतर या वयात चालतं. तीन महिने उलटले तर मात्र यायचं. सात दिवसांच्या वर गेली तर यायचं. आणि एकेक-दोनदोन तासांनी पॅड पूर्ण भिजून बदलावं लागत असेल तर "सुरुवातीला असं होतंच" म्हणून थांबायचं नाही. काही मुलींच्या रक्तात गोठण्याचा जन्मापासूनचा दोष असतो आणि तो पहिल्यांदा कळतो तो या पाळीतच. मुली पांढऱ्याफटक पडेपर्यंत बोलत नाहीत, कारण जास्त म्हणजे किती हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. ज्या मुलीने झाकणाने पाणी मोजलंय ती बोलते.

बाबांचा विषय शेवटी निघाला, आणि तो मुलीने काढला. "बाबांना सांगितलंस?" आई म्हणाल्या, "तुला विचारल्याशिवाय नाही सांगणार." तिने बराच विचार केला. मग म्हणाली, "सांग. पण मी समोर नसताना. आणि त्यांनी मला येऊन काही विचारायचं नाही." आईने तसंच केलं. पण आई कामासाठी गावाला गेल्या असताना पाळी आली तर? हे बाबांनीच विचारलं, आणि मला ते फार आवडलं. मग त्यांनाही पॅड उघडून दाखवलं गेलं, चार ते सहा तासांनी बदलायचं असतं हे सांगितलं गेलं, कुठल्या खणात काय आहे ते दाखवलं गेलं. मुलीच्या दप्तराच्या आतल्या कप्प्यात दोन पॅड, एक चड्डी आणि एक पिशवी ठेवलेली आहे. महिन्यातून एकदा दप्तर रिकामं करून साफ करायचं काम पहिल्यापासून बाबांकडे आहे. ते साफ करतात आणि त्या कप्प्यातलं सगळं जसंच्या तसं परत ठेवतात.